उजवा रकाना

कॅटच्या एका विभागाची चाळीस मिनिटांची सराव परीक्षा, म्हणजे सेक्शनल, द्यायची आणि मग तिच्यावर दोन-अडीच तास डोकं घालून बसायचं, हे प्रमाण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. माझ्या भाचीलाही वाटलं. तिचा हिशेब सरळ होता. "मावशी, तेवढ्या वेळात आणखी तीन सेक्शनल देऊन होतील गो."

होतील की. मुलं देतातही. आठवड्याला पाच-सहा सेक्शनल द्यायच्या, स्कोअर वहीत तारखेसकट मांडायचे, आणि गणेशचवथीपासून नोव्हेंबरपर्यंत त्याच आकड्याच्या अवतीभवती फिरत राहायचं, असं करणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. त्यांचा अभ्यास कमी नसतो. त्यांच्याकडून एकच चूक पुन्हापुन्हा होत असते आणि दर वेळी ती नव्या प्रश्नाच्या वेषात येते, म्हणून ओळखू येत नाही.

कॅट म्हणजे आयआयएमच्या प्रवेशाची परीक्षा. दर वर्षी साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. आमच्या वेळी ती कागदावर असायची, पेन्सिलीने गोळे काळे करायचे. २००९ पासून ती संगणकावर गेली आणि २०२० पासून तिचे तीन विभाग चाळीस-चाळीस मिनिटांचे झाले. आधी व्हीएआरसी, म्हणजे उतारे आणि भाषा, मग डीआयएलआर, म्हणजे आकडेवारी आणि तर्काचे सेट, शेवटी गणित. एका विभागातून दुसऱ्यात जाता येत नाही, वेळ संपली की दार आपोआप लागतं. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा. ज्यात उत्तर टाइप करायचं असतं, त्या टिटा प्रश्नांना वजाबाकी नाही. २०२४ च्या पेपरात व्हीएआरसीचे २४ आणि डीआयएलआरचे २२ प्रश्न होते.

गणिताचं मी इथे काही बोलणार नाही. ते मुलांना येतं, किंवा येत नाही हे तरी त्यांना नीट माहीत असतं. डीआयएलआर आणि व्हीएआरसीची गंमत अशी की चुकलं कुठे हेच कळत नाही.

आम्ही रायबंदरला राहतो. गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट १९९३ साली इथेच सुरू झालं, पुढे ते साखळीजवळ पर्येला गेलं. गावातल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात ते अजून "आमचं" असतं, जणू पोरगी लग्न होऊन सत्तरी तालुक्यात गेली आहे. भाची चोडणची. रविवारी सकाळी फेरीबोटीने अलीकडे येते. शेजारचा मुलगा वेर्ण्याला नोकरी करतो, त्याला रविवारशिवाय सवड नाही. म्हणून आमचा बेत ठरलेला आहे: बुधवारी रात्री ज्याने-त्याने आपापल्या घरी व्हीएआरसीची सेक्शनल द्यायची, शनिवारी डीआयएलआरची, आणि रविवारी दोन्हींचे रफ कागद घेऊन माझ्या पडवीत यायचं. कागद विसरून आलात तर परत जा, असं मी स्पष्ट सांगितलेलं आहे. रफ कागदाशिवाय ॲनालिसिस म्हणजे नुसत्या गप्पा.

पडवीत पहिला नियम असा की सोल्युशन उघडायचं नाही. मुलांना हे फार जड जातं. चुकलेल्या प्रश्नाचं सोल्युशन वाचलं, किंवा त्याचा व्हिडिओ पाहिला, की "अरे हो, असं होतं होय" असं वाटतं आणि जिवाला बरं वाटतं. पण सोल्युशन लिहिणारा अटी बरोबर वाचूनच सुरुवात करतो. काय करायला हवं होतं ते तो सांगतो. तुम्ही मध्येच काय घुसडलं होतं ते त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे ते तो सांगूच शकत नाही. ते शोधायचं तर आपल्याच कागदावर उलटं चालत जावं लागतं.

एक सेट घेऊनच सांगते. तो मीच चवथीच्या दिवसांत तयार केला होता, गणपतीवर फळं टांगतात त्या माटोळीच्या बाजाराचा. खऱ्या पेपरातले सेट याहून लांब असतात, पण हाड हेच.

तीन विक्रेते, अ, ब आणि क. तीन दिवस, बुध, गुरू, शुक्र. प्रत्येकाने रोज किमान एक डझन नारळ विकले, आणि विक्री पूर्ण डझनांतच झाली. तिघांची तीन दिवसांची मिळून विक्री ३६ डझन. आता अटी. एक: गुरुवारची एकूण विक्री बुधवारपेक्षा ३ डझनांनी जास्त, आणि शुक्रवारची गुरुवारपेक्षा ३ डझनांनी जास्त. दोन: अ ची तीन दिवसांची बेरीज शुक्रवारच्या एकूण विक्रीइतकी, आणि ब ची बेरीज क पेक्षा ३ डझनांनी जास्त. तीन: अ ची विक्री रोज सारख्याच संख्येने वाढली. चार: गुरुवारच्या एकूण विक्रीतला निम्मा वाटा ब चा. पाच: कोणत्याही विक्रेत्याने दोन वेगवेगळ्या दिवशी सारखीच विक्री केली नाही. सहा: बुधवारी ब ने बाकी दोघांपैकी प्रत्येकापेक्षा जास्त विकले.

सुरुवात सोपी आहे. तीन दिवसांत मधला दिवस म्हणजे सरासरी, म्हणून गुरुवार १२, बुधवार ९, शुक्रवार १५. अ ची बेरीज १५. उरलेले २१ डझन ब आणि क चे, फरक ३, म्हणजे ब चे १२ आणि क चे ९. अ रोज सारखा वाढतो, तेव्हा त्याचाही मधला दिवस सरासरीचा: गुरुवारी ५. ब चे गुरुवारी ६. मग क ला गुरुवारी उरला १. इथपर्यंत भाची तीन मिनिटांत पोचली होती, आणि सुबकपणे पोचली होती.

पुढे बुधवार. एकूण ९, तिघांत ब सगळ्यात जास्त, म्हणजे ब चे ३ हून जास्त असायला हवेत. दुसरीकडे ब चे बुधवार आणि शुक्रवार मिळून ६ आणि रोज किमान एक, म्हणजे बुधवारी जास्तीत जास्त ५. तेव्हा ब चे बुधवारी ४ किंवा ५. चार असतील तर अ आणि क मिळून ५, आणि दोघेही चारपेक्षा कमी: अ २ व क ३, किंवा अ ३ व क २. पाच असतील तर अ आणि क मिळून ४: अ १ व क ३, दोघांचे २-२, किंवा अ ३ व क १. यातली शेवटची जोडी पाचव्या अटीने जाते, कारण क ने गुरुवारीही एकच विकला होता. उरले चार प्रकार. बुधवारचे आकडे अ-ब-क या क्रमाने लिहिले तर २-४-३, ३-४-२, १-५-३ आणि २-५-२. त्यांचे शुक्रवार त्याच क्रमाने ८-२-५, ७-२-६, ९-१-५ आणि ८-१-६. बेरजा करून बघा, चारही जमतात.

आणि इथे सेट संपतो. कोष्टक पूर्ण भरत नाही. ते भरायचंच नाही, हे मुलांच्या पचनी पडायला कितीतरी रविवार जातात. शाळेपासून रिकामी जागा भरण्याची सवय लागलेली. चार प्रकार उरले की त्यांना वाटतं काहीतरी सुटलं, आणि मग ते सातवी अट शोधू लागतात, जी कागदावर नाही. पेपर काढणाऱ्याने प्रश्न मात्र या चार प्रकारांवरच बेतलेले असतात. या सेटचे प्रश्न असे होते: गुरुवारी क ने किती विकले? अ ची शुक्रवारची विक्री जास्तीत जास्त किती असू शकते? नऊपैकी किती जागांचे आकडे नक्की सांगता येतात? आणि चौथा, बुधवारी अ आणि क ची विक्री सारखी असेल, तर शुक्रवारी ब ने किती विकले? उत्तरं अनुक्रमे १, ९, ३ आणि १. "जास्तीत जास्त", "असेल तर", "नक्की सांगता येईल" हे शब्द प्रश्नांत दिसले की समजावं, कोष्टक अर्धवट राहणार आहे. म्हणून मी मुलांना सेट सोडवायला घेण्याआधी त्याचे प्रश्न वाचायला लावते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि त्याने पुढचा सगळा धीर बदलतो.

भाचीचे पहिले दोन प्रश्न बरोबर आले, तिसराही. चौथ्यावर ती अडली. तिच्या कागदावर तीनच प्रकार होते. २-५-२ तिने लिहिला होता आणि त्यावर काट मारली होती. मग चौथ्या प्रश्नाने "अ आणि क सारखे असतील तर" म्हटल्यावर तिच्याकडे तसा प्रकारच शिल्लक नव्हता. सेटच चुकीचा आहे असं ठरवून ती पुढे गेली.

रविवारी मी तिला विचारलं, "ही काट कुठल्या अटीने मारलीस?"

"पाचव्या. दोन सारखे चालत नाहीत."

"वाच परत."

तिने वाचलं. एकाच विक्रेत्याचे दोन दिवस सारखे नसावेत, एवढंच तिथे होतं. एकाच दिवशी दोन विक्रेते सारखे असायला कोणाचीच हरकत नव्हती. अट पाचच शब्दांनी मोठी झाली होती आणि ती तिनेच मोठी केली होती.

आमच्या वहीत यासाठी पान मधोमध दुमडलेलं असतं. डाव्या रकान्यात दिलेल्या अटी, आपल्या शब्दांत, क्रमांक घालून. उजव्या रकान्यात आपण वापरलेलं पण डावीकडे न सापडणारं. उजवा रकाना भरण्याची रीत यांत्रिक आहे, आणि ती तशीच असावी. रफ कागदावरच्या प्रत्येक काटेला आणि प्रत्येक नक्की केलेल्या आकड्याला विचारायचं, तुला कुठल्या क्रमांकाने आणलं? क्रमांक सांगता आला तर ठीक. नाही आला तर ते वाक्य उजवीकडे. भाचीच्या उजव्या रकान्यात त्या दिवशी आलं, "एका दिवशी दोघांचे आकडे वेगळे असतात." मागची पानं उलटली तर तिथे तिचीच भावंडं दिसली. "पहिला म्हणजे एकटाच पहिला", बरोबरी असू शकते हे न धरता. "प्रत्येक खात्यात कोणीतरी असणारच", शून्य चालतं हे न धरता. "टक्के वाढले म्हणजे संख्या वाढली", एकूणच घटलं असेल हे न धरता. चार वेगवेगळे सेट, पण सवय एकच: जिथे पेपर गप्प आहे तिथे ती स्वतः बोलते, आणि नेहमी नीटनेटकेपणाच्या बाजूने बोलते.

हे सापडल्यावर मला तिची व्हीएआरसीची वही बघावीशी वाटली. दोन विभागांना मुलं दोन देश समजतात. एक आकड्यांचा, एक भाषेचा, आणि भाषेत मार्क कमी पडले की लगेच निदान ठरलेलं असतं: आम्ही चौथीपर्यंत मराठीत शिकलो, इंग्रजी कच्चं. मग शब्दांच्या याद्या पाठ करणं सुरू होतं. भाचीनेही एक जाडजूड यादी केली होती. पण तिच्या चुकलेल्या प्रश्नांत शब्द अडला म्हणून चुकलेला क्वचितच होता. उतारा तिला कळला होता. पर्यायही कळला होता. दोघांच्या मध्ये तिने काहीतरी घातलं होतं.

व्हीएआरसीच्या चोवीसपैकी सोळा प्रश्न उताऱ्यांचे, आठ सुट्या परिच्छेदांचे, अशी अलीकडची विभागणी आहे. सुट्यांमध्ये वाक्यं क्रमाने लावणं, विजोड वाक्य ओळखणं, वाक्य कुठे बसेल ते सांगणं आणि परिच्छेदाचं सार निवडणं हे प्रकार येतात. यातला साराचा प्रश्न ॲनालिसिसला सगळ्यात चांगला, कारण सगळा पुरावा पाच-सहा ओळींत डोळ्यांसमोर असतो.

भाचीसाठी मी मुद्दाम खाजन शेतीवर एक परिच्छेद लिहिला. इंग्रजीत, परीक्षेत असतो तसा कोरडा. आशय असा: खाजन जमिनीत भरतीचं खारं पाणी शिरू नये म्हणून बांध असतात, आणि पाणी आत-बाहेर सोडायला मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. बांध एकदा घालून भागत नाही, त्याची डागडुजी सतत करावी लागते. जोवर डागडुजीचा खर्च आणि श्रम करणारे लोक तेच होते ज्यांचं भात त्या बांधामुळे वाचत होतं, तोवर बांध टिकले. पुढे काही ठिकाणी भात पिकवणं मागे पडलं आणि मानशीवरची मासळी जास्त पैसे देऊ लागली. मासळीवाल्याला खारं पाणी आत आलेलं चालतं, त्यामुळे बांध राखण्याची त्याला तशी निकड नसते. संपला परिच्छेद.

साराचे चार पर्याय दिले. पहिला: गावकऱ्यांतली एकी कमी झाली म्हणून खाजनांचे बांध कोसळले. दुसरा: बांधाचा फायदा घेणारे आणि तो राखणारे एकच होते तोवर तो टिकला, हे नातं तुटलं तिथे राखणही ढिली पडली. तिसरा: मानशीवरच्या मासेमारीने खाजन शेतीचा नाश केला. चौथा: बांध वाचवायचे असतील तर त्यांची जबाबदारी पुन्हा शेतकऱ्यांकडे सोपवायला हवी.

भाचीने चौथा निवडला. क्षणाचाही विचार न करता.

"का गो?"

"कारण खरंच आहे ते. आमच्या चोडणात विचारा कोणालाही."

चोडणात खाजन आहे, तिच्या आजोबांनी बांधावर माती टाकलेली आहे. तिला हा विषय परिच्छेद लिहिणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होता, आणि तोच घोळ झाला. परिच्छेदाने काय करावं याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. तो फक्त काय झालं आणि का झालं ते सांगतो. "सोपवायला हवी" हे क्रियापद तिच्या घरातून आलं. पर्याय काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं की समस्या वाचली की माणूस मनातल्या मनात उपाय जोडतो, म्हणून तो एक पर्याय उपायाचा ठेवतो. पहिल्या पर्यायातली "एकी" परिच्छेदात नाही. फायदा आणि राखण यांचं नातं आहे, एकी ही आपली नेहमीची गावाबद्दलची तक्रार. तिसऱ्यात "नाश केला" हे परिच्छेदापेक्षा फार मोठ्याने बोलणं झालं. परिच्छेद "काही ठिकाणी" आणि "तशी निकड नसते" एवढंच म्हणतो, शिवाय तिसरा पर्याय पहिल्या अर्ध्या भागाला शिवतही नाही. दुसरा पर्याय बेचव आहे. बरोबर सार बहुतेक वेळा बेचवच असतं, कारण त्यात नवीन काही नसतं.

म्हणून व्हीएआरसीच्या वहीतही पान तसंच दुमडायचं. चुकीच्या पर्यायाचं पूर्ण वाक्य लिहायचं आणि त्यातला उताऱ्यात आधार नसलेला शब्द अधोरेखित करायचा. एकच शब्द. पर्याय नेहमी एखाद्या शब्दाने मरतो: "फक्त", "सगळे", "मुळे", "हवं". तो शब्द उजव्या रकान्यात. आणि हे काम बरोबर आलेल्या प्रश्नांचंही करायचं, विशेषतः जिथे दोन पर्यायांत अडकून एक निवडला आणि नशिबाने तो बरोबर निघाला. सेक्शनल चालू असताना अशा प्रश्नाच्या क्रमांकापाशी रफ कागदावर टिंब द्यायचं, नाहीतर रविवारी हिरवी खूण बघून मुलं ते प्रश्न सोडून देतात. भाचीच्या एका सेक्शनलमध्ये टिंबवाले प्रश्न चुकलेल्यांपेक्षा जास्त निघाले. स्कोअर त्या आठवड्यात चांगला आला होता. पुढच्या आठवड्यात तो घसरला तेव्हा तिला धक्का बसला, मला नाही.

वाक्यं क्रमाने लावण्याच्या प्रश्नांना हा रकाना फारसा लागू पडत नाही, हेही सांगून टाकते. तिथे "हा", "अशा", "मात्र" कोणाला बोट दाखवतात ते शोधत जावं लागतं. टिटा असल्याने चुकीला शिक्षा नाही, पण एक वाक्य हललं तरी पूर्ण उत्तर गेलं. काहीतरी क्रम लिहूनच पुढे जायचं, आणि रविवारी त्यावर फार वेळ घालवायचा नाही.

उजवा रकाना खरोखर कमी होतोय का, हे कळायला आठवड्याचा स्कोअर कामाचा नाही. एका सेक्शनलचे सेट सोपे, दुसरीचे अवघड, आणि सराव परीक्षा घेणाऱ्या वेगवेगळ्या ठिकाणांच्या अवघडपणात तर जमीन-अस्मानाचा फरक. आम्ही दुसरं करतो. ज्या सेटमध्ये काही घातलं गेलं होतं, तो दोन-तीन आठवड्यांनी कोऱ्या कागदावर परत सोडवायचा. उत्तरं आठवत असली तरी चालतात. बघायचं एवढंच की तीच काट हात पुन्हा मारतो का. भाचीने नारळांचा सेट परत सोडवला तेव्हा २-५-२ वर पेन नेलं, थांबली, आणि काटेऐवजी पाचचा आकडा लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग अट वाचली. प्रश्नचिन्ह मला काटेपेक्षा बरं वाटलं.

आता शेजारच्या मुलाचं. त्याचा उजवा रकाना जवळजवळ रिकामा असतो. तो अटी काटेकोर वाचतो, वेर्ण्यात दिवसभर क्वालिटी विभागात हेच करतो म्हणून असेल. तरी त्याचे मार्क भाचीपेक्षा कमी. त्याच्यासाठी मी वेगळा कागद करायला लावला: सेट उघडताना घड्याळात किती मिनिटं उरली आणि सोडताना किती, एवढंच कोपऱ्यात टिपायचं. पहिल्याच शनिवारच्या कागदावर दिसलं की दुसऱ्या सेटवर त्याची १९ मिनिटं गेली होती आणि शेवटचे दोन सेट त्याने वाचलेच नव्हते. २०२४ च्या पेपरात डीआयएलआरचे पाच सेट होते, तीन चार-चार प्रश्नांचे आणि दोन पाच-पाच प्रश्नांचे. पाचही सोडवणं अपेक्षित नसतं, दोन-तीन स्वच्छ सुटले तरी मुलगा चांगल्या जागी पोचतो. पण ते दोन-तीन कुठले, हे न वाचलेल्या सेटबद्दल कसं ठरवणार? म्हणून सुरुवातीची चार-पाच मिनिटं पाचही सेट आणि त्यांचे प्रश्न नुसते वाचण्यात घालवायची, असं ठरलं. त्याला ती मिनिटं पाण्यात गेल्यासारखी वाटायची. आणि दुसरा नियम: सेट सुरू केल्यापासून सहा मिनिटांत एकही जागा नक्की झाली नाही, तर उठायचं.

मागच्या शनिवारी त्याने नियम पाळला. सहाव्या मिनिटाला एक पाच प्रश्नांचा सेट सोडला, पुढे जाऊन चार प्रश्नांचा एक पूर्ण सोडवला. रविवारी पडवीत त्याने सोडलेला सेट घेतला आणि एका दमात संपवला.

"म्हणजे पंधरा मार्क सोडून मी बारा घेतले," तो म्हणाला. चिडला होता. भाची हसली, त्याने तो आणखी चिडला.

मी त्याचा शनिवारचा रफ कागद मागितला. सहा अटींपैकी चारच त्याने वापरलेल्या दिसत होत्या. उरलेल्या दोन स्क्रीनवर खाली राहिल्या होत्या, आणि त्यातलीच एक पहिला आकडा देणारी होती. घड्याळ बघून उठणं ठीक, पण न वापरलेली अट शिल्लक असताना उठणं म्हणजे अर्धाच सेट बघून निकाल देणं. सगळ्या अटी वापरून झाल्या आणि तरी एकही जागा हलली नाही, तर मात्र मुकाट्याने पुढे जावं. तेव्हा नियम आम्ही बदलला. सहा मिनिटं झाली की घड्याळाकडे न बघता अटींकडे बघायचं. एकही न वापरलेली नसेल तर उठायचं, असेल तर तेवढी एक लावून बघायची आणि मग ठरवायचं.

यात एक अडचण आहे, आणि ती त्याने लगेच काढली. स्क्रीनवर खूण करता येत नाही, मग कुठली वापरली आणि कुठली नाही हे धावपळीत आठवणार कसं? त्यावर भाचीने तोडगा दिला. सेट सुरू करतानाच रफ कागदाच्या डाव्या कडेला नुसते क्रमांक उतरवायचे, एक ते सहा, शब्द नाहीत. अट लावली की तिचा क्रमांक खोडायचा. चार-पाच सेकंदांचं काम. येत्या शनिवारी दोघंही ते करून बघणार आहेत. अटी परिच्छेदात गुंफून दिलेल्या असतात तेव्हा त्यांना क्रमांक कसे घालायचे, हे मात्र अजून आमच्यापैकी कोणालाच नीट जमलेलं नाही.